नफा एक लाखाचा, ओव्हरड्राफ्ट साडेआठ लाखांचा: उधारी आणि आगाऊ पैसे यांच्यात अडकलेल्या एका कारखान्याचं प्रकरण

पुठ्ठ्याची खोकी बनवणारा हा एक छोटा कारखाना. मालकीणबाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन कागद होते. एक नफा-तोट्याचा, त्यावर महिन्याला लाखाचा नफा दिसत होता. दुसरा बँकेचा, त्यावर दहा लाखांच्या ओव्हरड्राफ्टपैकी साडेआठ लाख वापरलेले होते. त्यांनी विचारलं, "यातला खरा कागद कोणता?" दोन्ही खरे होते. पहिला कागद बिल फाडलं की विक्री झाली असं मानतो, दुसरा पैसे हातात पडेपर्यंत काहीच मानत नाही. त्या दोन कागदांमधलं अंतर किती दिवसांचं आहे, एवढंच आम्हाला शोधायचं होतं.

खालचे आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. चलन कोणतंही धरा, गणित बदलत नाही. विक्रीवरचा करही बाजूला ठेवला आहे. मात्र बिल काढल्याबरोबर कर भरावा लागत असेल, तर इथे दिसतो त्यापेक्षा खड्डा आणखी खोल होतो हे लक्षात असू द्या.

धंद्याचा ढाचा

महिन्याची विक्री १० लाख. त्यात पुठ्ठ्याचा खर्च ६ लाख, पगार-भाडं-वीज मिळून ३ लाख, उरला १ लाख. तो घरखर्चात आणि यंत्राच्या हप्त्यात संपायचा. पुठ्ठा देणारी गिरणी ऑर्डरबरोबर सगळे पैसे आगाऊ घ्यायची. पैसे गेल्यावर पाच दिवसांनी माल यायचा, साधारण दहा दिवस गोदामात पडून राहायचा, पाच दिवसांत खोकी तयार होऊन गाडी निघायची. म्हणजे पुठ्ठ्याचे पैसे माल ग्राहकाकडे पोचण्याच्या २० दिवस आधीच गेलेले असत. ग्राहकांना मुदत ३० दिवसांची होती, पण पैसे यायला सरासरी ६० दिवस लागायचे. महिनाभर उशीर, तोही कायमचा.

पुठ्ठ्यात घातलेला पैसा असा ८० दिवस बाहेर असायचा. रोजचा पुठ्ठा २० हजारांचा, म्हणजे ८० दिवसांचे १६ लाख. पगार वगैरेचा खर्च काम झाल्यावर, महिनाअखेरीस जातो. त्यामुळे साठातले सरासरी १५ दिवस वाचतात आणि तो पैसा ४५ दिवसच अडकतो. रोजचे १० हजार धरले तर साडेचार लाख. एकूण साडेवीस लाख. त्यातले १५ लाख बाईंचे स्वतःचे, साडेपाच लाख बँकेचे.

या हिशेबातून एक आकडा हाती लागतो आणि तो पाठ करून ठेवावा असा आहे: उशिराच्या एका दिवसाची किंमत. पुठ्ठ्याचे २० हजार आणि पगाराचे १० हजार मिळून दिवसाला ३० हजार. सगळे ग्राहक एक दिवस उशिरा पैसे देतात, तेव्हा कारखान्याला ३० हजार जास्तीचे कुठून तरी उभे करावे लागतात. महिनाभराच्या उशिराचे झाले ९ लाख. त्यांच्या ओव्हरड्राफ्टचं व्याज वर्षाला १२ टक्के होतं. ९ लाखांवर वर्षाचं व्याज लाखाच्या थोडं वर, म्हणजे एका महिन्याचा सगळा नफा. "ते थोडे उशिरा देतात, पण देतात" हे वाक्य बाईंनी त्या दिवशी दोनदा उच्चारलं होतं. आकडा कागदावर आल्यावर परत उच्चारलं नाही.

व्याजानं मात्र त्या बुडत नव्हत्या. जुना धंदा साडेपाच लाखांच्या कर्जावर वर्षानुवर्षं चालला होता. ओव्हरड्राफ्ट साडेआठवर गेला तो नव्या ऑर्डरमुळे.

चांगल्या ऑर्डरनं पाडलेला खड्डा

एका मोठ्या ग्राहकानं महिन्याला ५ लाखांची खोकी मागितली होती. त्यासाठी पुठ्ठा ३ लाखांचा, जादा पगार आणि वीज ६० हजारांची. भाडं वाढणार नव्हतं. त्यामुळे महिन्याला १ लाख ४० हजार सुटणार होते, म्हणजे जुन्या सगळ्या धंद्यापेक्षाही जास्त. कोणीही हो म्हटलं असतं. बाईंनीही म्हटलं आणि गिरणीला पहिले तीन लाख पाठवून दिले. त्या माझ्याकडे आल्या तो त्यानंतरचा बारावा दिवस.

नवी ऑर्डर तपासताना मी फक्त तिच्यापुरते पैसे कधी जातात आणि कधी येतात ते तारखेनं मांडतो. जुन्या अटी तशाच राहिल्या असत्या तर असं झालं असतं (रकमा लाखांत):

| दिवस | काय घडतं | आतापर्यंत अडकलेले |
|---|---|---|
| ० | पहिला पुठ्ठा, ३ आगाऊ | ३.० |
| २० | पहिला माल पोचला, बिल दिलं | ३.० |
| ३० | दुसरा पुठ्ठा ३, पगार ०.६ | ६.६ |
| ६० | तिसरा पुठ्ठा ३, पगार ०.६ | १०.२ |
| ८० | पहिल्या बिलाचे ५ आले | ५.२ |
| ९० | पुठ्ठा ३, पगार ०.६ | ८.८ |
| ११० | दुसऱ्या बिलाचे ५ आले | ३.८ |
| १२० | पुठ्ठा ३, पगार ०.६ | ७.४ |

पहिला छदाम हाती येण्याआधी तीन महिन्यांचा पुठ्ठा आणि दोन महिन्यांचे पगार गेलेले असतात. सगळ्यात खोल जागा साठाव्या ते ऐंशीव्या दिवसाच्या मधली, १० लाख २० हजारांची. त्यानंतर दर महिन्याला तळ १ लाख ४० हजारांनी वर येतो. म्हणजे ऑर्डर आपल्या पायावर उभी राहायला नऊ-दहा महिने लागतात, आणि तेही एकही बिल चुकलं नाही तर.

हाच हिशेब रोजच्या सरासरीनं केला, तर ८ लाख ९० हजार येतात. १ लाख ३० हजारांचा हा फरक पडतो, कारण सरासरी धरते की पुठ्ठा रोज थोडाथोडा घेतला जातो आणि खरेदी तर महिन्यातून एकदा ठोक होते. जुन्या, स्थिर धंद्याला सरासरी पुरते. नव्या ऑर्डरला तळच बघावा, कारण पगार सरासरी दिवशी द्यायचा नसतो.

बाईंच्या ओव्हरड्राफ्टमध्ये ऑर्डर घेण्याआधी साडेचार लाखांची जागा शिल्लक होती. पहिल्या पुठ्ठ्यानं त्यातले तीन खाल्ले. तिसाव्या दिवशी ३ लाख ६० हजार लागणार होते आणि जागा होती दीड लाखाची. माल चांगला बनत होता, ग्राहक खूश होता, आणि अठरा दिवसांनी पगार किंवा पुठ्ठा यांतलं एकच काही देता येणार होतं.

साठ दिवस कुठे जातात

अशा वेळी पहिला विचार मनात येतो तो कर्ज वाढवण्याचा, दुसरा सवलत देऊन वसुली करण्याचा. मी दोन्हींच्या आधी बिलांची फाइल मागतो. मागच्या सहा महिन्यांतली चाळीस बिलं घेऊन आम्ही एका दुपारी बसलो. प्रत्येक बिलासमोर चार तारखा लिहिल्या: माल कधी पोचला, बिल कधी पोचलं, ग्राहकाच्या हिशेब खात्यानं ते कधी नोंदवून घेतलं, पैसे कधी आले. तिसरी तारीख आपल्याकडे नसते, ती फोन करून विचारावी लागते. तेवढा त्रास घ्यावा, कारण सगळं गुपित त्याच तारखेत असतं.

सरासरी अशी निघाली. माल पोचल्यापासून बिल पोचायला ६ दिवस. बिल पोचल्यापासून नोंद व्हायला ९ दिवस. त्यानंतर मुदतीचे ३० दिवस, कारण ग्राहक मुदत मोजायचे ती नोंदीच्या दिवसापासून. मुदत संपल्यावर पैसे वाटपाच्या ठरलेल्या तारखेपर्यंत ८ दिवस. आणि मग उरलेले ७ दिवस, ज्यांना खऱ्या अर्थानं टाळाटाळ म्हणता येईल.

महिनाभराच्या उशिरातले पहिले पंधरा दिवस कारखान्याच्या स्वतःच्या टेबलावर जन्माला येत होते. बिलं शनिवारी एकगठ्ठा बनवायची पद्धत होती. हिशेब लिहिणारा मुलगा त्याच दिवशी यायचा. सोमवारी गेलेल्या मालाचं बिल आठवडाअखेरीला बनायचं आणि पुढच्या आठवड्यात पोचायचं. नोंदीतले नऊ दिवस जायचे ते बिलावर परचेस ऑर्डरचा नंबर नाही, मालाबरोबर जाणाऱ्या डिलिव्हरी चलनावर माल घेणाऱ्याची सही नाही, किंवा चलनात ४९० नग आणि बिलात ५०० अशा कारणांनी. असं बिल परत येत नाही. ते तिकडच्या कुणाच्या तरी ट्रेमध्ये पडून राहतं. आपण महिनाभरानं फोन केला की मग समोरचा माणूस म्हणतो, "तुमचं बिल तर आमच्याकडे दिसतच नाही." आपल्याला वाटतं तो बनवतोय. बहुतेक वेळा तो खरं बोलत असतो.

त्या दुपारी पाच बिलं अशी सापडली की त्यांची नोंदच झाली नव्हती. मिळून १ लाख ९० हजारांची. एका बिलावर गेल्या वर्षीचा ऑर्डर नंबर होता. बाईंनी त्या ग्राहकाला दोन वेळा पैशांसाठी फोन केला होता आणि दोन्ही वेळा खरेदी बघणाऱ्या माणसानं "करतो" म्हणून सांगितलं होतं. तो पैसे देणारा माणूस नव्हताच. दुरुस्त केलेली बिलं दुसऱ्या दिवशी थेट हिशेब खात्यात गेली. त्यांची मुदत केव्हाच उलटून गेली असल्यामुळे पुढच्याच वाटपात १ लाख ४० हजार आले.

बदल अगदी साधे केले. गाडी सुटते तेव्हा चलनाबरोबर बिलही सुटतं, बिल तयार नसेल तर गाडी थांबते. ऑर्डर नंबर बिलाच्या वरच्या कोपऱ्यात, ठळक. सही घेतलेल्या चलनाचा फोटो ड्रायव्हर तिथूनच पाठवतो. आणि पाचव्या दिवशी ग्राहकाच्या हिशेब खात्याला एक फोन, ज्यात पैशांचं नावही काढायचं नाही. विचारायचं फक्त, "बिल नोंदलं का? काही राहिलंय का?" हा फोन मला वसुलीच्या दहा फोनांपेक्षा मोलाचा वाटतो. पाचव्या दिवशी कुणीही रागावत नाही आणि चूक असेल तर तेव्हाच निघते.

वाटपाच्या तारखांची गोष्ट थोडी वेगळी. बऱ्याच कंपन्या महिन्यातून दोनदाच पैसे सोडतात. यातला एक ग्राहक १० आणि २५ तारखेला सोडायचा. त्याचा माल नेमका ११-१२ तारखेला जायचा. १२ ला नोंदलेल्या बिलाची मुदत पुढच्या महिन्यात १२ च्या सुमारास भरते, तोवर १० तारीख उलटलेली असते, आणि बिल २५ वर ढकललं जातं. माल तीन दिवस आधी पाठवून बिल ९ ला नोंदवून घेतलं, तर तेच पैसे १० तारखेला येतात. तीन दिवसांच्या घाईनं पंधरा दिवस वाचले. सगळ्या ग्राहकांना हे लागू पडलं नाही. दोघांच्या तारखा आमच्या उत्पादनाशी जुळेनात, ते सोडून दिलं.

पहिल्या दोन महिन्यांत सरासरी ८ दिवसांनी खाली आली, सहाव्या महिन्यापर्यंत ११ दिवसांनी. दिवसाला ३० हजार, म्हणजे ३ लाख ३० हजार मोकळे झाले, कुणाशीही न भांडता.

ग्राहकाशी आणि गिरणीशी बोलणं

नव्या ऑर्डरला मात्र एवढं पुरणार नव्हतं. पहिला माल जायला अजून आठ दिवस होते, आणि अटी बदलायच्या तर पहिल्या बिलाच्या आधीच बदलाव्या लागतात. एकदा बिल त्यांच्या यंत्रणेत गेलं की ती अट दगडावर कोरली जाते.

बाईंनी आधी ऑर्डरबरोबर ४० टक्के आगाऊ मागून बघितले. मिळाले असते तर तळ १० लाख २० हजारांवरून ४ लाख २० हजारांवर आला असता. मिळाले नाहीत. मोठ्या ग्राहकाकडे आगाऊ देण्याची पद्धतच नव्हती, खरेदी अधिकाऱ्याच्या हातात ते नव्हतं. मग आम्ही मागणी बदलली. माल मिळाल्यानंतरच पैसे द्या, पण पुठ्ठ्याचा भाग, म्हणजे ६० टक्के, १५ दिवसांत द्या आणि बाकीचे ४० टक्के तुमच्या नेहमीच्या चालीनं. बदल्यात सहा महिने भाव वाढवणार नाही. हे खरेदी अधिकाऱ्याला पटलं, कारण पुठ्ठ्याचे भाव हलते होते आणि त्याला वरच्यांना दाखवायला काहीतरी मिळत होतं. भाव बांधून देण्यात धोका होताच, तो बाईंनी समजून घेतला. पुठ्ठा ५ टक्के महागला असता तर महिन्याला १५ हजार गेले असते. १ लाख ४० हजारांतून ते सोसण्यासारखे होते.

इथे एक अडचण आली जी कागदावर कधी दिसत नाही. ग्राहकाच्या संगणकात एका परचेस ऑर्डरला एकच मुदत घालता येत होती. तोंडी ठरलेलं तिथेच मेलं असतं. शेवटी त्यांनीच दोन ऑर्डरी काढल्या, एक पुठ्ठ्याची, एक बनावट आणि छपाईची, आणि आमच्याकडून प्रत्येक गाडीबरोबर दोन बिलं जाऊ लागली. मुदत बदलून मिळाली असं कोणी सांगितलं, तर ऑर्डरच्या कागदावर ती छापून आली आहे का ते बघावं. छापलेली नसेल तर ती मिळालेली नाही.

गिरणीशी बोलणं सोपं जाईल असं बाईंना वाटत नव्हतं. "ते कुणालाच उधार देत नाहीत." पण गिरणी आगाऊ घेते त्याला कारण असतं: तिला समोरच्याची खात्री नसते आणि पुढच्या महिन्यात ऑर्डर येईल की नाही हेही ठाऊक नसतं. बाईंकडे दोन्हींना उत्तर होतं. मागच्या दोन वर्षांतल्या सगळ्या आगाऊ रकमांची यादी, एकही चेक न परतलेली, आणि पुढच्या तीन महिन्यांच्या खरेदीचं लेखी वेळापत्रक, दीडपट वाढलेलं. त्या गिरणीच्या मालकांना भेटायला स्वतः गेल्या. संपूर्ण उधारी मागितली नाही. अर्धे ऑर्डरबरोबर, अर्धे माल आल्यावर १५ दिवसांनी, आणि तेही फक्त नव्या ऑर्डरपुरतं, एवढंच मागितलं. मालकांनी एका महिन्याच्या बोलीवर मान्य केलं. "एक तारीख चुकली तर पुन्हा आगाऊ," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि ते योग्यच होतं.

ग्राहकाच्या बदलानं तळ ७ लाख २० हजारांवर आला, गिरणीच्या बदलानं ५ लाख ७० हजारांवर. तिसाव्या दिवशी आता ३ लाख ६० हजारांऐवजी २ लाख १० हजार लागले. जागा दीड लाखाची होतीच, अडकलेल्या बिलांचे १ लाख ४० हजार त्याआधी येऊन पडले होते. पगार वेळेवर झाला. चाळिसाव्या दिवशी पुठ्ठ्याच्या बिलाचे पहिले ३ लाख आले. जुन्या वसुलीतल्या आठ दिवसांचे २ लाख ४० हजारही मोकळे झाले होते, त्यामुळे साठाव्या दिवशी, म्हणजे सगळ्यात खोल जागी, ओव्हरड्राफ्ट ८ लाख ८० हजारांवर होता, मर्यादेच्या १ लाख २० हजार आत. जुन्या अटींवर त्याच दिवशी तो पंधरा लाखांच्या पलीकडे गेला असता, म्हणजे गेलाच नसता, बँकेनं त्याआधीच हात वर केले असते.

जे केलं नाही

लवकर पैसे देणाऱ्याला २ टक्के सूट, हा उपाय बाईंनी स्वतः सुचवला होता. ५ लाखांच्या बिलावर २ टक्के म्हणजे १० हजार. पैसे ३० दिवस आधी मिळणार. तेच ५ लाख ओव्हरड्राफ्टमधून महिनाभर वापरले तर १२ टक्क्यांनी व्याज होतं ५ हजार. दुप्पट महाग. वर्षाच्या हिशेबानं ही सूट म्हणजे सुमारे २४ टक्क्यांचं कर्ज. ओव्हरड्राफ्ट संपलेला असेल आणि सूट दिली नाही तर पगार अडणार असेल, तेव्हा ती द्यावी, एका बिलापुरती. कायमची दिली की ग्राहक तिला भाव समजतो, आणि काही जण सूट कापून घेऊनही पैसे जुन्याच तारखेला पाठवतात.

बिलं गहाण टाकून पैसे उचलण्याचाही विचार झाला. अशा सोयीत बिलाच्या साधारण ८० टक्के रक्कम लगेच मिळते, बाकी ग्राहकानं पैसे दिल्यावर, शुल्क आणि व्याज कापून. ते वाईट नाही. पण करारात बघायचं एकच: ग्राहकानं दिले नाहीत तर ते पैसे कोण भरणार. बहुतेक करारांत आपणच. म्हणजे वेळ विकत मिळते, धोका तिथेच राहतो. शिवाय नोंदच न झालेलं बिल यासाठी कोणी घेत नाही, त्यामुळे चार तारखांची शिस्त आधी लागतेच.

पुठ्ठा महिन्यातून एकदा घेण्याऐवजी दोनदा घ्यायचं मात्र तीन महिने केलं. निव्वळ व्याजाच्या गणितात ते बसत नव्हतं. गिरणी छोट्या ऑर्डरीला १ टक्का जास्त लावायची, म्हणजे ३ लाखांवर ३ हजार, आणि वाचणारं व्याज हजाराच्याही आत. पण ओव्हरड्राफ्ट मर्यादेच्या काठावर असताना दीड लाख पंधरा दिवस हातात असणं याची किंमत व्याजाच्या दरानं मोजता येत नाही. चौथ्या महिन्यात हवा मोकळी झाल्यावर पुन्हा एकदाच घ्यायला लागलो.

सोमवारचा कागद

हे सगळं ज्या एका कागदावर उभं राहिलं तो तेरा आठवड्यांचा तक्ता. वर आठवड्याची सुरुवातीची शिल्लक, मग कोणाकडून किती येणार, कोणाला किती जाणार, खाली अखेरची शिल्लक आणि त्याच्या शेजारी ओव्हरड्राफ्टची मर्यादा. पहिला तक्ता बाईंनी स्वतः बनवून आणला होता आणि त्यात सगळं ठीक दिसत होतं. कारण येणाऱ्या रकमा त्यांनी बिलावरच्या मुदतीनुसार लिहिल्या होत्या. ५५ दिवसांनी देणारा ग्राहक तक्त्यातही ५५ दिवसांनीच यायला हवा. तारखा बदलून लिहिल्या तसा सातव्या आठवड्यात खड्डा दिसायला लागला.

दर सोमवारी गेल्या आठवड्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारीशेजारी लिहायचं. ज्याचे पैसे दोनदा पुढे ढकलले गेले त्याच्या नावाखाली रेघ. नव्या ग्राहकासाठी एक वेगळी ओळ ठेवली होती, कारण १५ लाखांच्या विक्रीतले ५ लाख त्याच्या एकट्याचे होते. ठरलं असं की पुठ्ठ्याच्या बिलाचे पैसे ठरल्या दिवसापेक्षा दहा दिवस लांबले, तर पुढचा पुठ्ठा घ्यायचा नाही. हे त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तो एकदा सहा दिवस लांबला, दहा कधी नाही.

सहाव्या महिन्यात तक्त्यानुसार ओव्हरड्राफ्ट २ लाख ३० हजारांवर यायला हवा होता. प्रत्यक्षात ३ लाख १० हजारांवर आला. एक बिल एका वाटपातून सुटलं होतं आणि कटिंग मशीनची दुरुस्ती मध्येच निघाली.

राहिले ते टाळाटाळीचे सात दिवस. त्यातले बरेचसे एकाच जुन्या ग्राहकाचे होते. महिन्याला ६० हजारांचा माल, आणि पैसे माल पोचल्यावर ९५ दिवसांनी. बाईंना त्याला काढून टाकायचं होतं. मी हिशेब मांडला: त्याच्या पुठ्ठ्यात १ लाख ३८ हजार अडकून राहतात, पण तो गेला तर पगार आणि भाडं काही कमी होत नाही, त्यामुळे महिन्याला २४ हजार जातील. व्याजापुरतं बघितलं तर तो परवडतो. भीती व्याजाची नव्हतीच, तो एक दिवस देईनासा झाला तर तीन महिन्यांचा माल त्याच्याकडे असतो, ही होती. म्हणून मर्यादा घातली: त्याच्याकडे दोनपेक्षा जास्त बिलं थकलेली असणार नाहीत. तिसरी गाडी भरून उभी राहील, पहिल्या बिलाचे पैसे आले की सुटेल.

पहिल्यांदा गाडी थांबवली तेव्हा त्यानं बाईंना फोनवर बरंच सुनावलं. "इतक्या वर्षांच्या ओळखीत हे काय, ताई?" बाई शांतपणे म्हणाल्या, "दादा, माल तयार आहे, तुमच्या बिलाची वाट बघतोय." नवव्या दिवशी पैसे आले, आणि गाडी त्याच दुपारी गेली.